स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पाण्यातलं लोह मोजताना: कॅलिब्रेशन कर्व्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी आणि पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नव्याने लागलेली मुलं, दोघांकडूनही तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळी उदाहरणं एकाच पद्धतीची घेतलीयत, लोह आणि फिनँथ्रोलिनचा केशरी-लाल रंग, कारण ही पद्धत स्वस्त आहे, रंग टिकतो आणि चुका कुठे होतात ते छान दिसतं. परमँगनेट किंवा कॉपर सल्फेट करत असाल तर आकडे बदलतील, विचार तोच राहील.

१. कॅलिब्रेशन कर्व्ह काढायचाच कशाला? A = εbc मध्ये पुस्तकातला ε टाकला की झालं ना?

कागदावर झालं. या रंगाचा ε साधारण ११,१०० आहे (लिटर प्रति मोल प्रति सेंमी), म्हणजे १ सेंमी क्युव्हेटमध्ये १ पीपीएम लोहाला अंदाजे ०.२० ॲब्सॉर्बन्स यायला पाहिजे. पण तो ε चांगल्या मशीनवर, अरुंद बँडविड्थला, नेमक्या ५१० नॅनोमीटरला मोजलेला असतो. तुमच्या मशीनची वेव्हलेंग्थ २-३ नॅनोमीटर सरकलेली असेल, कॉलेजच्या कलरिमीटरला तर फिल्टरच असतो जो ३०-४० नॅनोमीटरचा पट्टा एकदम सोडतो, पिपेट थोडी कमी देत असेल, हे सगळं त्या ε मध्ये नाही. स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या रीएजंटने, माहीत असलेल्या चार-पाच कॉन्सन्ट्रेशनची रीडिंग घेतली की या सगळ्या गोष्टी स्टँडर्डला आणि नमुन्याला सारख्याच लागू होतात आणि बऱ्याचशा कटून जातात. पुस्तकातला ε मात्र फेकून देऊ नका, तो ताळा करायला कामाचा. तुमचा स्लोप ०.२० ऐवजी ०.१० आला तर कुठेतरी डायल्यूशन दुप्पट झालंय हे लगेच कळतं.

२. स्टँडर्ड कसं बनवायचं? आमच्याकडे फेरस सल्फेटची जुनी बाटली आहे, ती चालेल का?

नको. फेरस सल्फेटचे स्फटिक हवेत पाणी सोडतात आणि वरून पिवळट-तपकिरी होतात, म्हणजे तुम्ही तोललेल्या ग्रॅममध्ये लोह किती ते तुम्हालाच माहीत नसतं. फेरस अमोनियम सल्फेट घ्या, तेच आपलं मोहर्स सॉल्ट. ०.७०२ ग्रॅम तोलून थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, २.५ मिली काँक सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू घाला, गार होऊ द्या आणि १ लिटरच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. हे झालं १०० पीपीएम. ॲसिड विसरायचं नाही, नाहीतर एक-दोन दिवसात लोह ऑक्सिडाइज होऊन तळाला पिवळसर गाळ बसतो आणि वरचं द्रावण १०० पीपीएमचं राहत नाही.

त्यातलं १० मिली १०० मिलीपर्यंत डायल्यूट केलं की १० पीपीएम. हे त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी वापरा.

आता ५० मिलीचे पाच फ्लास्क घ्या आणि त्यात हे १० पीपीएमचं द्रावण ०, ५, १०, १५, २० मिली टाका. ५० मिलीपर्यंत भरल्यावर ते होतील ०, १, २, ३ आणि ४ पीपीएम. ५ मिलीची एकच पिपेट चार वेळा मारण्यापेक्षा ब्युरेटने सोडलं तर चुका कमी होतात असं माझं मत.

३. रीएजंट कोणत्या क्रमाने घालायचे आणि क्रम बदलला तर काय बिघडतं?

आधी १ मिली हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड (१० टक्के), हलवून पाचेक मिनिटं थांबा, मग ५ मिली फिनँथ्रोलिन (०.१ टक्के), मग ५ मिली सोडियम ॲसिटेट (१० टक्के), शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत, आणि १० मिनिटांनी रीडिंग.

फिनँथ्रोलिनचा हा लाल रंग फक्त फेरस लोहाचा. बोअरचं पाणी बाटलीत आलं की हवा लागून त्यातलं बरंच लोह फेरिक झालेलं असतं, ते हायड्रॉक्सिलअमाइन परत फेरस करतं. हे काम ॲसिडिक द्रावणात बरं होतं. तुम्ही आधीच ॲसिटेट ओतून पीएच वर नेलात तर फेरिक लोह हायड्रॉक्साइड बनून बसायला लागतं आणि मग ते रिड्यूस व्हायला तयार नसतं, रंग कमी येतो. गंमत म्हणजे स्टँडर्ड मोहर्स सॉल्टचं, म्हणजे आधीच फेरस असल्यामुळे त्याला ही चूक फारशी जाणवत नाही, कर्व्ह सुंदर सरळ येतो आणि फक्त नमुन्याचंच उत्तर कमी येतं. म्हणून कर्व्ह चांगला आला म्हणजे नमुना बरोबर आला असं धरू नका.

हायड्रॉक्सिलअमाइन विषारी आहे, ग्लोव्हज घाला, तोंडाने पिपेट ओढायचे दिवस गेले.

४. ५१० नॅनोमीटरच का? रंग लाल दिसतो तर लाल प्रकाश नको का वापरायला?

लाल दिसतो कारण लाल प्रकाश तो शोषतच नाही, तो आरपार जाऊन आपल्या डोळ्यात येतो. शोषतो तो निळसर-हिरवा. लाल फिल्टर लावून बघा, ४ पीपीएमलासुद्धा रीडिंग शून्याच्या आसपास राहील.

५१० ला शिखर आहे आणि शिखरावर मोजण्याचे फायदे दोन. एक, तिथे १ पीपीएमला सर्वात जास्त रीडिंग मिळतं. दुसरा जास्त महत्त्वाचा, शिखराचा माथा सपाट असतो त्यामुळे डायल एक-दोन नॅनोमीटर इकडेतिकडे झाला तरी फार फरक पडत नाही, उतारावर मोजलं तर तेवढ्यानेच रीडिंग हलतं. आपल्या मशीनचं शिखर खरंच कुठे आहे ते बघायला मधलं स्टँडर्ड (२ पीपीएम) घेऊन ४८० ते ५४० पर्यंत ५-५ नॅनोमीटरने रीडिंग घ्या. ५०५ किंवा ५१५ आलं तर तिथेच मोजा, पण स्टँडर्ड आणि नमुना दोन्ही तिथेच. फिल्टरवाला कलरिमीटर असेल तर ५१० च्या जवळचा फिल्टर लावा, स्लोप थोडा कमी येईल, त्याचं टेन्शन नको.

५. ब्लँक म्हणजे साधं डिस्टिल्ड वॉटर ना?

नाही. ब्लँक म्हणजे ० पीपीएमवाला फ्लास्क, ज्यात लोह सोडून बाकी सगळं आहे. रीएजंटमध्येही थोडं लोह असतंच, विशेषतः स्वस्तातल्या सोडियम ॲसिटेटमध्ये, आणि तो हलका गुलाबी रंग सगळ्याच फ्लास्कमध्ये येतो. मशीन या ब्लँकने शून्य केलं की तो वजा होतो.

एकदा मात्र मुद्दाम डिस्टिल्ड वॉटरने शून्य करून ब्लँकचं रीडिंग बघा. ०.०१ च्या खाली असेल तर ठीक. ०.०५ वगैरे दाखवत असेल तर रीएजंट नाहीतर काचेची भांडी खराब आहेत, वजा करून पुढे जाऊ नका. भांडी १:१ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवून घ्या, जुन्या काचेला लोह चिकटून बसलेलं असतं.

गढूळ किंवा मुळातच पिवळट नमुन्याचा ब्लँक वेगळा असतो, त्यासाठी प्रश्न १० बघा.

६. रीडिंग आली, आता अननोनचं कॉन्सन्ट्रेशन काढायचं कसं? एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

हे घ्या. ० पीपीएमला ०.०००, १ ला ०.२०१, २ ला ०.३९६, ३ ला ०.६०२ आणि ४ ला ०.७९५. एक्सेलमध्ये कॉन्सन्ट्रेशन A कॉलममध्ये आणि ॲब्सॉर्बन्स B मध्ये टाका, मग:

```
=SLOPE(B2:B6,A2:A6)
=INTERCEPT(B2:B6,A2:A6)
```

स्लोप आला ०.१९९१, इंटरसेप्ट ०.०००६. यात y आधी आणि x नंतर लिहायचा असतो, उलटं केलंत तर स्लोप पाचच्या आसपास येईल, तेव्हा लगेच ओळखा.

आता बोअरच्या पाण्याचा नमुना. त्यातलं २५ मिली ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतलं, तेच रीएजंट, तेवढाच वेळ, आणि रीडिंग आलं ०.३३८.

```
x = (0.338 - 0.0006) / 0.1991 = 1.69
```

इथेच निम्मे लोक थांबतात आणि जर्नलमध्ये १.६९ पीपीएम लिहून मोकळे होतात. हे १.६९ फ्लास्कमधल्या द्रावणाचं आहे, पाण्याचं नाही. २५ चे ५० मिली केले म्हणजे दोनपट डायल्यूशन, म्हणून मूळ पाण्यात १.६९ × २ = ३.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. ३.३८९ लिहू नका, तुमच्या पिपेटला आणि मशीनला तेवढी अक्कल नाही.

ग्राफ पेपरवर काढत असाल तर y अक्षावर ०.३३८ वरून आडवी रेघ, कर्व्हला लागली की खाली. उत्तर १.७ च्या आसपासच यायला हवं. पेन्सिलने ठिपके जोडत वाकडीतिकडी रेघ काढायची नाही, पट्टी ठेवून सगळ्यांच्या मधून जाणारी एकच सरळ रेघ.

७. रेषा शून्यातून जबरदस्तीने न्यायची की नाही? एक्सेलमध्ये तो ऑप्शन असतो.

मी नेत नाही. ब्लँकने शून्य केलंय म्हणजे रेषा शून्यातून जायलाच पाहिजे हे तत्त्व म्हणून खरं, पण इंटरसेप्ट ही एक फुकटची तपासणी आहे, ती का घालवायची. वरच्या उदाहरणात ०.०००६ आला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, जबरदस्ती केली काय नाही केली काय, उत्तर तेच. इंटरसेप्ट ०.०३ आला तर तो काहीतरी सांगतोय, ब्लँक बिघडलाय किंवा रेषा मुळात सरळ नाही (पुढचा प्रश्न बघा), आणि तुम्ही शून्याला बांधून टाकलंत तर ते कळणारच नाही.

८. R² ०.९९८ आलाय, सर म्हणतात छान, तरी उत्तर चुकू शकतं का?

चुकू शकतं, आणि कसं ते बघा. समजा ० ते ४ पीपीएमला रीडिंग आली ०.०००, ०.२१०, ०.४०५, ०.५८५, ०.७५०. R² येतो ०.९९७८. पण फरक बघा, पहिला टप्पा ०.२१०, मग ०.१९५, मग ०.१८०, मग ०.१६५. प्रत्येक पीपीएमला वाढ कमी कमी होत चाललीय, म्हणजे हा वाकडा कर्व्ह आहे आणि एक्सेलने त्यातून सरळ काठी घातलीय. इंटरसेप्टही ०.०१५ आलाय, तो उगाच नाही. मधल्या भागात उत्तर फार चुकणार नाही, पण खालच्या टोकाला बघा, नमुन्याचं रीडिंग ०.०५० असेल तर रेषा ०.१९ पीपीएम सांगते आणि खरं असतं ०.२३ च्या आसपास. जवळपास वीस टक्के कमी.

म्हणून R² बघण्याआधी प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर-खाली आहे ते लिहा. प्रश्न ६ मधल्या रीडिंगला हे फरक उणे ०.००१, अधिक ०.००१, उणे ०.००३, अधिक ०.००४, उणे ०.००२ असे विस्कळीत आहेत, तसंच पाहिजे. वाकड्या कर्व्हमध्ये मात्र टोकांना उणे आणि मधे अधिक, असा ठरलेला कमानीचा आकार येतो. हे दिसलं की सरळ रेषा बाजूला ठेवा आणि वरचे बिंदू सोडून खालच्या सरळ भागातच, तिथे एक-दोन स्टँडर्ड वाढवून काम करा.

वाकण्याचं एक नेहमीचं कारण मशीनमधला भटका प्रकाश, म्हणजे जो नमुन्यातून न जाताच किंवा भलत्याच वेव्हलेंग्थचा डिटेक्टरवर पडतो. तो १ टक्का असेल तर खऱ्या १.० ला मशीन ०.९६ दाखवतं आणि खऱ्या २.० ला फक्त १.७०. जितकं गडद द्रावण तितकं जास्त खोटं. म्हणून रीडिंग ०.२ ते ०.८ मध्ये ठेवा म्हणतात, आणि म्हणूनच आपण ४ पीपीएमला थांबलो.

९. नमुन्याचं रीडिंग शेवटच्या स्टँडर्डच्या वर गेलं. रंगीत द्रावणच डायल्यूट करून परत मोजलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर आहे, नको. रेषा पुढे वाढवणंही नको (कारण वरच्या प्रश्नात आहे). नमुना कमी घेऊन रंग पहिल्यापासून परत तयार करा.

कारण असं. लोहाच्या एका अणूला फिनँथ्रोलिनचे तीन रेणू लागतात. आपण ०.१ टक्क्याचं ५ मिली टाकतो म्हणजे ५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २५ मायक्रोमोल. तीनने भागलं की ८.४ मायक्रोमोल लोह, म्हणजे ४७० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० मिलीत ९.४ पीपीएम. त्याच्यावर कितीही लोह असलं तरी रंग वाढायला फिनँथ्रोलिनच शिल्लक नाही.

आता लोहाच्या गोळीचं प्रॅक्टिकल घ्या, ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी. ॲसिडमध्ये उकळून, गाळून १ लिटर केलं म्हणजे ६० पीपीएम. मुलं त्यातलं १० मिली फ्लास्कमध्ये घेतात, म्हणजे ५० मिलीत १२ पीपीएम. रंग फार गडद आला म्हणून ते रंगीत द्रावणच डिस्टिल्ड वॉटरने पाचपट डायल्यूट करतात. पण मूळ फ्लास्कमध्ये रंग ९.४ पीपीएमइतकाच झालेला असतो, तो डायल्यूट करून १.८८ येतो, पाचने गुणून परत ९.४, आणि गोळीत लोह निघतं ४७ मिलिग्रॅम. मग गोळीच बोगस आहे असा निष्कर्ष! तेच २ मिली घेतले असते तर फ्लास्कमध्ये २.४ पीपीएम, रीडिंग ०.४८ च्या आसपास आणि हिशोब ६० वर.

रंग संपृक्त झालाय की नाही हे ओळखायचं असेल तर नमुना निम्मा घेऊन परत करा. डायल्यूशन धरून उत्तर तेच आलं तर ठीक, वाढलं तर आधीचं रीडिंग बाद.

१०. पाणी गढूळ किंवा पिवळट आहे, मग लोहाचा रंग वेगळा कसा काढायचा?

नमुन्याचा स्वतःचा ब्लँक करा. तेच २५ मिली पाणी, हायड्रॉक्सिलअमाइन, ॲसिटेट, सगळं घाला, फक्त फिनँथ्रोलिन नको. याचं जे रीडिंग येईल ते नमुन्याच्या रीडिंगमधून वजा करा आणि मग रेषेत टाका.

गाळून घेतलं तर चालेल का, असं लगेच विचारतात. चालेल, पण मग तुम्ही फक्त विरघळलेलं लोह मोजताय. बोअरच्या पाण्यात बाटलीच्या तळाला जो तपकिरी गाळ बसतो तो लोहच असतो आणि गाळणीवर तोच राहतो. एकूण लोह हवं असेल तर बाटली हलवून, थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून उकळा म्हणजे गाळ विरघळेल, मग गार करून पुढचं. रिपोर्टवर विरघळलेलं की एकूण ते लिहा, नाहीतर दोन लॅबची भांडणं लागतात.

११. नमुन्याला रंगच येत नाही किंवा फार फिका येतो, पण पाण्यात लोह आहे हे नक्की. असं का?

पहिला संशय पीएचवर घ्या. नमुना घेताना बाटलीत ॲसिड टाकलेलं असतं, कुणी जास्तच ओततं, आणि मग ५ मिली ॲसिटेट त्याला पुरत नाही. रंग साधारण पीएच ३ ते ९ मध्ये येतो, पण ३ च्या आसपास सावकाश. पीएच पेपर बुडवा, ४-५ असायला हवा, नसेल तर ॲसिटेट वाढवा. हे खुणेपर्यंत भरण्याआधीच करा, भरून झाल्यावर नाही.

दुसरा संशय, पाण्यातलं दुसरं काहीतरी आड येतंय. फॉस्फेट लोहाला धरून ठेवतं, तांबं आणि झिंक फिनँथ्रोलिन खातात. हे तपासायला त्याच २५ मिली नमुन्यात १० पीपीएम स्टँडर्डचे ५ मिली घालून परत रंग करा. फ्लास्कमध्ये बरोबर १ पीपीएम वाढला, म्हणजे रीडिंग ०.१९९ ने वाढायला पाहिजे. आपला ०.३३८ वाला नमुना ०.५३५ च्या आसपास गेला तर काही आड येत नाहीये. तो ०.४९८ वरच थांबला तर वाढ फक्त ०.१६०, म्हणजे या पाण्यात १ पीपीएमला ०.१६० च मिळतंय आणि साध्या पाण्यातला कर्व्ह या नमुन्याला लागू नाही.

मग स्टँडर्ड थेट नमुन्यातच घालत जायचं, ०, २, ४, ६ मिली, आणि तिथला स्लोप वापरायचा. इथे स्लोप ०.१६० धरला तर ०.३३८ ÷ ०.१६० = २.१ पीपीएम, दुपटीने ४.२, म्हणजे साध्या कर्व्हने ३.४ सांगितलं ते कमी होतं. फक्त लक्षात ठेवा, हा उपाय स्लोप दुरुस्त करतो, नमुन्याचा मूळ पिवळटपणा नाही, तो प्रश्न १० प्रमाणे आधीच वजा करावा लागतो.

१२. रीडिंग ०.००५ आलं, रेषेतून ०.०२ पीपीएम निघतं. लिहू का?

आकडा म्हणून नका लिहू. प्रश्न ८ मधले बिंदूंचे फरक ०.००३ च्या घरातले आहेत, म्हणजे मशीन आणि हात मिळून एवढी थरथर आहेच. त्याच्या ३.३ पट घेऊन स्लोपने भागलं की फ्लास्कमध्ये अंदाजे ०.०५ पीपीएम येतं, २५ मिली नमुन्याच्या हिशोबाने पाण्यात ०.१. त्याखाली असेल तर '०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी' असं लिहा. खरंच खाली मोजायचं असेल तर ५ सेंमीची क्युव्हेट मिळवा, रीडिंग पाचपट होतं, स्टँडर्डही मग त्याच क्युव्हेटमध्ये ०.१ ते ०.८ पीपीएमचे करा.

१३. मागच्या महिन्यातला कर्व्ह आज वापरला तर? रोज कोण पाच स्टँडर्ड करणार.

रंग स्वतः चांगलाच टिकाऊ आहे, पण मशीनचा दिवा, रीएजंटची नवीन बाटली, दुसरी क्युव्हेट, यातलं काही बदललं की जुना स्लोप संशयास्पद. मधला मार्ग असा की रोज ब्लँक आणि एक २ पीपीएमचं स्टँडर्ड नव्याने करायचं. आपल्या रेषेप्रमाणे ०.३९९ यायला हवं, ०.३८ ते ०.४२ मध्ये आलं तर जुना कर्व्ह चालवा, बाहेर गेलं तर एकदा क्युव्हेट पुसून परत घ्या (बोटाचे ठसे आणि आतले बुडबुडे हेच नेहमीचे चोर, आणि क्युव्हेटची चकचकीत बाजू उजेडाकडे आहे ना ते बघा), तरीही बाहेरच असेल तर पाचही स्टँडर्ड नव्याने. फिनँथ्रोलिनची नवी बाटली फोडली त्या दिवशी मात्र काहीही न विचारता नवीन कर्व्ह काढा.